रात्री वीज निर्यात करणारी इमारत

रात्रीचे साडेनऊ वाजलेत. छतावर मिट्ट अंधार आहे, इन्व्हर्टर झोपलाय. आणि डीबीशेजारच्या छोट्या मीटरवर आकडा दिसतोय: उणे ०.५ किलोवॅट. म्हणजे इमारत ग्रिडला अर्धा किलोवॅट वीज देते आहे! कुठून देते आहे?

शिळफाट्याला माझ्या काकांची दोन मजली इमारत आहे. खाली दोन दुकानं, वर दोन घरं. (खोपोलीच्या या भागातून १९१५ पासून मुंबईला जलविद्युत जाते, पण रात्री सौर वीज जाण्याचा हा बहुधा पहिलाच प्रसंग.) मंजूर भार १० किलोवॅट, थ्री फेज. छतावर ५४० वॅटची १४ पॅनल, म्हणजे ७.५६ किलोवॅट, आणि ६ किलोवॅटचा थ्री फेज इन्व्हर्टर. नेट मीटरिंगचं सुरुवातीला जमत नव्हतं, म्हणून महावितरणला आगाऊ कळवून इमारतीपुरती वीज वापरायची आणि बाहेर काहीच सोडायचं नाही असं ठरलं. याला झीरो एक्स्पोर्ट म्हणतात. त्याला एक व्यवहारी कारणही आहे: अनेक साधे मीटर चोरी पकडता यावी म्हणून उलटा गेलेला करंटसुद्धा पुढेच मोजतात. मग तुम्ही ग्रिडला फुकट दिलेल्या विजेचं बिल तुम्हालाच येतं.

तक्रार अशी होती की भर एप्रिलात, भर दुपारी इन्व्हर्टर शून्यावर बसायचा. काका म्हणाले, "पॅनल खराब निघाली रे." मलाही आधी तेच वाटलं.

पॅनलचा हिशोब आधी करून टाकू. ७.५६ किलोवॅटची पॅनल ६ किलोवॅटच्या इन्व्हर्टरला जोडणं ही चूक नाही. पॅनलवर लिहिलेली क्षमता २५ अंश तापमानाची असते. एप्रिलच्या दुपारी आतला सेल ६२ अंशांपर्यंत तापतो असं धरा. दर अंशाला साधारण ०.३५ टक्के घट, म्हणजे ३७ अंशांना १३ टक्के. उरले सुमारे ६.६ किलोवॅट. धूळ आणि तारांमध्ये आणखी ६ टक्के गेले की ६.२. म्हणजे इन्व्हर्टर भर दुपारी थोडा वेळ जेमतेम ०.२ किलोवॅट कापतो, आणि त्या बदल्यात सकाळ-संध्याकाळ आणि ढगाळ दिवसांत जास्त वीज मिळते. पाऊसपाण्याच्या या पट्ट्यात हा सौदा फायद्याचाच. व्होल्टेज मात्र उलट बाजूने तपासायचं, म्हणजे थंडीत, कारण पॅनल थंड असताना व्होल्टेज वाढतं. एका पॅनलचं खुल्या टोकांचं व्होल्टेज ४९.५ धरलं तर एका रांगेत १४ मिळून ६९३ व्होल्ट, आणि १० अंशांच्या पहाटे साधारण ७२०. या इन्व्हर्टरची मर्यादा १००० व्होल्ट, त्यामुळे चिंता नाही.

पॅनलवर शंका घ्यायला जागा नव्हती. म्हणून मी डीबी उघडली. (मेन बंद करून, सोबत परवानाधारक वायरमन घेऊन. एकट्याने हे करायचं नाही.)

तिथे आधी एक वेगळीच गोष्ट दिसली. मेन ब्रेकर ६३ अँपिअरचा, बसबारही ६३ चाच, आणि इन्व्हर्टरचा ब्रेकर मेनच्या अगदी शेजारी. ६ किलोवॅट म्हणजे दर फेजला ६०००/(३×२३०), साधारण ८.७ अँपिअर. मेनमधून ६३ आणि इन्व्हर्टरमधून ८.७ एकदम आले, तर पुढच्या बसबारमधून जवळपास ७२ अँपिअर वाहतील. मेन ब्रेकरला फक्त ६३ दिसतात, त्यामुळे तो ट्रिप होणार नाही. बसबार तापत राहील आणि कोणालाच कळणार नाही. इन्व्हर्टरचा ब्रेकर बसबारच्या दुसऱ्या टोकाला नेला तर दोन्हीकडचे करंट समोरासमोरून येतात आणि कुठल्याच तुकड्यात ६३ च्या वर जात नाहीत. अमेरिकेच्या वायरिंग संहितेतही सौर ब्रेकर मेनच्या विरुद्ध टोकाला लावण्याची तरतूद आहे, ती यासाठीच. आम्ही दोन्ही केलं: ब्रेकर हलवला, आणि १० किलोवॅटच्या भाराला ६३ चा मेन हवाच कशाला, म्हणून तो ४० चा केला. आता दोन्हींची बेरीज ४८.७.

पण शून्याचं कोडं तसंच राहिलं. निर्यात रोखणारी यंत्रणा अशी चालते: येणाऱ्या प्रत्येक फेजवर करंट मोजणारी एक चिमटी (सीटी) असते, मीटर त्याच फेजचं व्होल्टेज घेऊन शक्ती काढतो, तिन्हींची बेरीज करतो आणि इन्व्हर्टरला कळवतो. बेरीज निर्यातीकडे झुकली की इन्व्हर्टर उत्पादन कमी करतो. सगळं "त्याच फेजचं" या शब्दावर उभं आहे.

आमच्याकडे आर आणि वाय फेजच्या चिमट्या आपापसांत बदलल्या गेल्या होत्या. म्हणजे आरचा करंट वायच्या व्होल्टेजशी गुणला जात होता. फेजमध्ये १२० अंशांचा फरक असतो आणि कोसाइन १२० अंश म्हणजे उणे अर्धा. त्या रात्री भार होता आर वर २, वाय वर १, बी वर १ किलोवॅट (सोपं जावं म्हणून सगळा भार गीझरसारखा धरू). मीटर काय वाचणार? आरचे उणे १, वायचे उणे ०.५, बीचा अधिक १. बेरीज उणे ०.५. रात्रीच्या निर्यातीचं उत्तर हे होतं. खरं तर इमारत ४ किलोवॅट घेत होती.

आता दिवसा काय होतं ते कागदावर करून बघा, मजा आहे. इन्व्हर्टर तिन्ही फेजवर सारखीच शक्ती देतो, समजा प्रत्येकी p. आर आणि वाय मिळून मीटरला अधिक p दिसतं, बी वर उणे p. दोन्ही एकमेकांना खाऊन टाकतात. म्हणजे इन्व्हर्टरने काहीही केलं तरी मीटर ढिम्म उणे ०.५ दाखवणार! इन्व्हर्टरला वाटतं, अजून निर्यात होतेय, अजून कमी करू. तो शून्यावर जातो आणि तिथेच राहतो. उलट एखाद्या दिवशी बी वर २ आणि बाकी दोघांवर अर्धा-अर्धा भार आला, तर मीटर अधिक १.५ दाखवतो, आणि इन्व्हर्टर ऊन असेल तितकं पूर्ण देतो. ३ किलोवॅटच्या भाराला ६ किलोवॅट, म्हणजे ३ किलोवॅट बाहेर. काकांच्या दुकानातला डीप फ्रीझर बी फेजवर आहे. "कधी चालतं, कधी नाही" हे कोडं तिथे सुटलं.

तुम्हाला तपासायचं असेल तर इन्व्हर्टर बंद ठेवून एकेका फेजवर २ किलोवॅटचा गीझर लावा. त्याच फेजवर अधिक २ दिसायला हवेत. उणे २ दिसले तर चिमटीचा बाण उलटा आहे, उणे १ दिसला तर चिमटी दुसऱ्याच फेजवर आहे. चिमट्या मीटर आणि पहिल्या फाट्याच्या मध्ये असाव्यात, सोलरचा जोड त्यांच्या इमारतीकडच्या बाजूला हवा. तो मीटरच्या बाजूला आला तर चिमट्यांना नुसता भार दिसतो, निर्यात कधीच दिसत नाही.

शेवटी चालू इन्व्हर्टरची आरएस-४८५ ची तार उपटून बघायची. इन्व्हर्टर काही सेकंदांत शून्यावर यायला हवा. आमचा आला नाही, तो बिनधास्त पूर्ण क्षमतेने चालत राहिला, कारण मीटरशी संपर्क तुटला तर थांबायचं ही सेटिंगच बंद होती. ती चालू केली आणि तार परत लावली. नियंत्रण सुरळीत असलं तरी ते तत्काळ नसतं. फ्रीझर एकदम बंद झाला की काही सेकंद थोडी वीज बाहेर जातेच, ती मात्र आम्ही मान्य केली.