लिंक वाचली, फोटो पाहिला नाही

डाळिंबाची बाग असलेल्या एका वाचकांचा प्रश्न आला आहे. फळावरच्या डागाचा फोटो एआयच्या चॅटमध्ये अपलोड केला, तर डागाचा रंग, कडा, भेगा, सगळ्याबद्दल नीट उत्तर मिळतं. त्याच फोटोची लिंक चिकटवली, तर कधी ‘उघडता येत नाही’ असं उत्तर येतं आणि कधी भलतंच काहीतरी ठामपणे सांगितलं जातं. इंटरनेटवरच्या मजकुरावर पोसलेल्या यंत्राला इंटरनेटवरचा एक फोटो का दिसू नये?

शंका रास्त आहे. लिंक म्हणजेच फोटो असं आपल्याला वाटू लागलं, त्याला कारण आहे ब्राउझर. सुरुवातीच्या वेबवर पानात चित्र नसायचंच. दुव्यावर क्लिक केलं की चित्र वेगळ्या खिडकीत उघडायचं. 25 फेब्रुवारी 1993 रोजी इलिनॉय विद्यापीठातल्या एनसीएसए या केंद्रात काम करणाऱ्या 21 वर्षांच्या मार्क अँड्रीसननं वेब घडवणाऱ्यांच्या चर्चेत एक प्रस्ताव पाठवला: `IMG` नावाची एक खूण ठेवू, तिच्यात चित्राचा पत्ता लिहू, आणि ते चित्र मजकुराच्या मधेच दिसेल. खुद्द वेबचे जनक टिम बर्नर्स-ली यांच्या मनात चित्रांसाठी वेगळी मांडणी होती. पण अँड्रीसन आणि एरिक बिना यांचा मोझॅक ब्राउझर ही खूण घेऊन लोकांपर्यंत पोहोचला आणि वाद तिथेच मिटला.

या खुणेतली गंमत अशी की पानात चित्र आजही नसतं. तिथे असतो नुसता पत्ता. ब्राउझर तो वाचतो, पत्त्यावरचा सर्व्हर शोधतो, त्याच्याकडे फाइल मागतो, आलेल्या फाइलमधून पिक्सेल उलगडतो आणि पडद्यावर मांडतो. हे सगळं इतक्या झटपट होतं की मधे कुणी हेलपाटा घातला हे आपल्या गावीही नसतं.

भाषेच्या मॉडेलपाशी हा हेलपाटा घालणारा कुणी नसतो. मॉडेल म्हणजे एक प्रचंड गणित: एका बाजूनं आकडे आत जातात, दुसऱ्या बाजूनं आकडे बाहेर पडतात. इंटरनेटवरचा मजकूर त्याच्या शिक्षणासाठी वापरला गेला हे खरं, पण तो दुसऱ्या प्रोग्रॅमनी आधीच गोळा करून ठेवलेला होता. मॉडेल स्वतः कुठेही गेलेलं नाही, आणि उत्तर देतानाही ते कुठे जात नाही.

आता हे उदाहरण पाहा. समजा आपण ही लिंक चिकटवली:

`https://example.com/photos/dalimb-telya.jpg`

ही आहेत 43 अक्षरं आणि चिन्हं. चॅटचा प्रोग्रॅम त्यांचे छोटे तुकडे पाडतो (त्यांना टोकन म्हणतात) आणि प्रत्येक तुकड्याला त्याचा ठरलेला क्रमांक देतो. मॉडेलपर्यंत पोहोचतात ते हे मोजके क्रमांक. ‘डाळिंब’ हा शब्द त्यांत आहे, डाळिंब नाही.

तोच फोटो अपलोड केला की वाट वेगळी होते. मोबाइलच्या 12 मेगापिक्सेल फोटोत 4000 गुणिले 3000, म्हणजे 1 कोटी 20 लाख ठिपके असतात. फाइल आपल्या फोनमधून थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाते. तिथे फोटो उलगडून लहान केला जातो आणि त्याचे चौकोन कापले जातात. गूगलच्या संशोधकांनी 2020 मध्ये मांडलेल्या ‘व्हिजन ट्रान्सफॉर्मर’ या पद्धतीत 224 गुणिले 224 पिक्सेलच्या चित्राचे 16 गुणिले 16 पिक्सेलचे 196 चौकोन होतात. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे, म्हणजे एका चौकोनात 768 आकडे. आजची मॉडेलं याहून मोठी चित्रं घेतात, चौकोनांचे आकारही वेगळे असतात. पण असे चौकोन आकड्यांच्या रूपात मजकुराच्या टोकनांच्या रांगेत येऊन बसतात, ही मूळ युक्ती पुष्कळ ठिकाणी तीच आहे. डागाची कड कुठल्या तरी चौकोनात खरोखर आलेली असते.

मग लिंक दिल्यावर ठाम उत्तर कुठून येतं? लग्नाला न गेलेला माणूस पत्रिकेवर कार्यालयाचं नाव वाचून जेवणाचं वर्णन करू लागला, तर जिलेबी आणि मठ्ठा तो हमखास सांगेल, आणि बहुतेक वेळा ते बरोबरही निघेल. आपल्या लिंकमध्ये `telya` हा शब्द आहे. मॉडेलनं तेल्याबद्दल भरपूर वाचलेलं आहे: तेलकट डाग, फळावर पडणाऱ्या भेगा, जिवाणूंमुळे होणारा रोग. तेवढ्यावर ते सुरेख वर्णन रचतं. फोटोत प्रत्यक्षात फुलकिड्यांनी खरवडलेली साल असेल तर? फाइलचं नाव कुणीतरी अंदाजानं दिलेलं असतं. जिवाणूवरचा उपाय किडीवर चालत नाही, आणि औषधाचा खर्च तर होऊन गेलेला असतो.

‘आमचं मॉडेल पाहू शकतं’ ही जाहिरात म्हणूनच अर्धीच गोष्ट सांगते. डोळे आहेत, पण समोर फोटो आणून ठेवणारं कुणीतरी हवं. काही सेवांमध्ये ते असतं. मॉडेल ‘हा पत्ता उघडा’ अशी मागणी लिहितं, बाहेरचा प्रोग्रॅम ती पुरी करतो आणि सापडलेलं मॉडेलच्या पुढ्यात ठेवतो. काही कंपन्या प्रोग्रॅमरना चित्राच्या पत्त्यासाठी वेगळा रकाना देतात. त्यात लिंक टाकली की सर्व्हर फोटो आणतो. तीच लिंक मजकुराच्या रकान्यात टाकली की ती मजकूरच राहते.

आणणारा असला तरी अडचणी संपत नाहीत. गूगल ड्राइव्हवरून शेअर केलेली लिंक सहसा फोटोची नसतेच. ती फोटो दाखवणाऱ्या पानाची असते. सर्व्हर फाइलसोबत तिचा प्रकारही कळवतो. तिथे `image/jpeg` यायला हवं, त्याऐवजी `text/html` येतं. आणणारा प्रोग्रॅम त्या पानावरचा मजकूर तेवढा उचलतो, किंवा लॉगिनच्या पाटीशीच अडतो. आपल्या ब्राउझरमध्ये आपण आधीच लॉगिन केलेलं असल्यामुळे आपल्याला हा अडसर जाणवत नाही.

दिसेल ती लिंक आपोआप उघडायला कंपन्या कचरतात, त्यालाही कारण आहे. बाहेरच्या माणसानं सांगितलेला पत्ता आपल्या सर्व्हरनं निमूटपणे उघडला, तर तो पत्ता कंपनीच्याच आतल्या यंत्राचा असू शकतो. 2019 मध्ये अमेरिकेतल्या कॅपिटल वन बँकेत हेच घडलं. तिथला एक सर्व्हर फसून `169.254.169.254` या पत्त्यावर गेला. क्लाउडमधल्या यंत्राला स्वतःची माहिती या पत्त्यावर मिळते, आणि प्रवेशाच्या किल्ल्याही. त्या हाती लागल्यावर अमेरिकेतल्याच सुमारे 10 कोटी लोकांची माहिती उघडी पडली. म्हणूनच असा हेलपाटा घालणाऱ्या प्रोग्रॅमवर कडक पहारा असतो, आणि त्यात आपली साधी लिंकही कधीकधी अडते.

आपल्या मॉडेलनं फोटो पाहिला की नुसता पत्ता वाचला, हे ओळखायचं असेल तर फाइलला `IMG_1.jpg` असं काहीच न सांगणारं नाव द्या, नवी लिंक चिकटवा आणि नावावरून ताडता येणार नाही असं काही विचारा: फळ कुठल्या हातात धरलंय, मागे ठिबकची नळी दिसतेय का. ‘हातात फळ असावं’ अशा धर्तीची गुळमुळीत उत्तरं आली, किंवा दोनदा विचारल्यावर दोन वेगळी उत्तरं मिळाली, तर फोटो बहुधा पोहोचलेला नाही. तो उतरवून घेऊन अपलोड करावा, आणि डाग दूरचा असेल तर आधी तेवढाच भाग कापून घ्यावा. चित्र लहान करताना अख्ख्या झाडाच्या फोटोतला तो डाग एखाद-दोन चौकोनांत विरघळून जाऊ शकतो.