तोट्यावर टक्के कसे काढणार?

कंपनीला गेल्या वर्षी १० कोटींचा तोटा झाला आणि यंदा ५ कोटींचा नफा. कारभार १५ कोटींनी सुधारला. आता नेहमीच्या रीतीने टक्के काढा: फरक १५, भागिले उणे १०, गुणिले १००. उत्तर येतं उणे १५० टक्के, म्हणजे चक्क घसरण! उलट तोटा १० वरून २० कोटींवर गेला, तर हेच सूत्र १०० टक्के वाढ दाखवतं. भाजक उणे असला की चिन्ह उलटतं.

काही जण भाजकाचं उणे चिन्ह सोडून देतात. मग पहिलं उत्तर अधिक १५० येतं, पण तेही फसवंच. समजा, दुसरी कंपनी १ कोटीच्या तोट्यातून ५ कोटींच्या नफ्यात आली. तिची सुधारणा फक्त ६ कोटींची, तरी टक्के ६००!

आणि सुरुवात शून्यापासून असेल, तर भागाकारच होत नाही; एक्सेल सरळ #DIV/0! दाखवतं. म्हणून निकालांच्या तक्त्यात अशा ठिकाणी टक्क्यांचा रकाना रिकामा ठेवून ‘तोट्यातून नफ्यात’ असं लिहिणं मला प्रामाणिक वाटतं. शेजारी दोन्ही वर्षांचे आकडे मात्र हवेतच.