अहो, सांगितलं का नाहीत?

दहाव्याला घाटावर पिंड ठेवला की सगळ्यांचे डोळे कावळ्याकडे लागतात. कावळा शिवत नसेल तर घरचं कुणीतरी पुढे होऊन हात जोडतं. ‘धाकटीचं लग्न मी करीन’, ‘आईला अंतर देणार नाही’ अशी एकेक आश्वासनं दिली जातात. गेलेल्या माणसाशी चारचौघांत, मोठ्याने बोलण्याची ही आपल्याकडची मान्य जागा. पण तिथे बोलायचं ते त्याच्या अपुऱ्या इच्छांबद्दल. ‘डॉक्टरांनी सांगितलेलं आमच्यापासून का लपवलंत?’ असं कुणी घाटावर विचारत नाही. गेलेल्याबद्दल वाईट बोलायचं नाही, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो आहोत. त्यामुळे राग गिळला जातो आणि तो बहुतेकदा भलत्याच माणसावर निघतो: डॉक्टरवर, दिरावर, सुनेवर, नाहीतर स्वतःवर.

शोकाच्या उपचारात या रागासाठी एक जुना गृहपाठ आहे. गेलेल्या माणसाला पत्र लिहायचं, मनातलं सगळं लिहायचं आणि ते कुठेही पाठवायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. मात्र एका बैठकीत, रडत, एकच लांब पत्र लिहून टाकलं की काम झालं, असा जो समज आहे तो चुकीचा आहे.

नेदरलँड्समधले मानसशास्त्रज्ञ ओन्नो व्हॅन डर हार्ट यांनी निरोपाच्या विधींचा उपचारात कसा उपयोग करता येतो, यावर बरंच काम केलं. त्यांच्या पद्धतीत पत्र एकदाच लिहून संपत नाही. ठरलेल्या वेळी, ठरलेल्या जागी बसून ते आठवडेच्या आठवडे पुढे लिहीत राहायचं असतं. त्याच देशात बर्थोल्ड गेर्सन्स यांनी आधी पोलिसांसाठी, आघातानंतरच्या त्रासावर एक सोळा सत्रांची उपचारपद्धती बसवली. तिच्यातही न पाठवायची रागाची पत्रं आहेत आणि शेवटी निरोपाचा विधी आहे. पुढे हीच पद्धत आघाती मृत्यूंनंतरच्या शोकासाठी वापरली जाऊ लागली. या सगळ्यांत एक गोष्ट समान आहे. पहिल्या पत्रापेक्षा पहिल्या आणि शेवटच्या पत्रात काय बदललं, याला महत्त्व.

हा बदल कसा होतो ते एका रचलेल्या उदाहरणातून पाहू. पंचावन्न वर्षांच्या एक बाई आहेत. नवरा आठ महिन्यांपूर्वी हृदयविकाराने गेला. शेवटचे पंधरा दिवस तो छातीत जळजळतं म्हणत होता, पित्ताच्या गोळ्या घेत होता. तो गेल्यावर कपाट आवरताना बाईंना विम्याच्या पिशवीत एक कागद सापडला. डॉक्टरांनी त्याला ताबडतोब अँजिओग्राफी करायला सांगितली होती आणि त्याने घरात कुणालाच ते कळू दिलं नव्हतं. तेव्हापासून बाईंना त्याचा फोटो बघवत नाही. हार घालायची वेळ आली की त्या मुलाला पुढे करतात.

समुपदेशक त्यांना सांगतात: आठवड्यातून दोनदा, अर्धाच तास, शक्यतो संध्याकाळी लवकर. झोपायच्या आधी नको, कारण मग रात्रभर तेच डोक्यात राहतं. हाताने लिहा. घरी जशी हाक मारत होतात तशीच सुरुवात करा. शुद्धलेखन, अक्षर, कुणाला काय वाटेल, हे सगळं बाजूला ठेवा. अर्धा तास झाला की थांबा आणि उठून काहीतरी हाताचं काम करा. मग वही घेऊन या आणि वाटलं तर मोठ्याने वाचा.

पहिलं पत्र असं येतं: ‘अहो, तुम्ही फार वाईट केलंत. आयुष्यभर तुम्ही तुमचंच खरं केलंत. तुम्हाला कधीच कुणाची पर्वा नव्हती.’ दोन पानं याच सुरात. समुपदेशक त्यावर समजूत घालत नाहीत. ‘त्यांचा हेतू वाईट नव्हता हो’ हे वाक्य तर इथे वर्ज्यच, कारण नातेवाईकांनी ते आधीच शंभरदा ऐकवलेलं असतं. ते एवढंच विचारतात, ‘आयुष्यभर म्हणजे कधी? मला एक दिवस सांगा.’

दुसऱ्या पत्रात तो दिवस येतो. ‘कागदावर अकरा जून आहे. त्या दिवशी तुम्ही घरी येऊन कांदाभजी मागितलीत. पाऊस होता. मी तळून दिली. तुमच्या खिशात तो कागद होता आणि तू मला म्हणालास, तेल जरा कमी वापरत जा.’ तीस वर्षं ‘अहो’ म्हणणाऱ्या बाईंची लेखणी इथे ‘तू’वर घसरली. त्यांना ते वाचताना लक्षात येतं आणि त्या खोडायला जातात. समुपदेशक म्हणतात, असू दे.

पहिल्या पत्रातला राग आणि या पत्रातला राग यांत खूप अंतर आहे. ‘तुम्हाला पर्वा नव्हती’ या वाक्याचं पुढे काही करता येत नाही. ते नुसतं पुन्हा पुन्हा म्हणता येतं. ‘खिशात कागद होता आणि सांगितलं नाहीत’ याला मात्र पुढचा प्रश्न असतो: का? तिसरं पत्र त्या प्रश्नामागे जातं. मुलीची फी भरायची होती म्हणून थांबलात का? की वडील ऑपरेशनच्या टेबलावर गेले होते, त्याची भीती? ‘विचारलं असतंत तर मी पाटल्या मोडल्या असत्या. मला विचारायलाच नको वाटलं, याचा मला राग आहे.’

मग चौथ्या पत्रात, न विचारता, दुसरंच काही बाहेर पडतं. ‘रात्री दोनला तुम्ही मला उठवलंत. मी म्हणाले, पित्त असेल, सोडा घ्या, सकाळी बघू.’ ही ओळ आठ महिन्यांत त्या कुणापाशीच बोलल्या नव्हत्या. रागाच्या आड पश्चात्ताप दडलेला असतो, असं पुष्कळ शोकात दिसतं. त्याने लपवलं म्हणून राग, आणि तो राग जितका मोठा तितकं आपलं ‘सकाळी बघू’ नजरेआड राहतं.

इथे पत्र थोडा वेळ थांबवून एक वेगळा कागद घेतात. मधे उभी रेघ. एका बाजूला त्या रात्री दोन वाजता मला काय माहीत होतं, दुसऱ्या बाजूला आज काय माहीत आहे. डाव्या बाजूला येतं: पंधरा दिवस जळजळ, तो स्वतःच पित्त म्हणत होता, आधी दोनदा सोड्याने बरं वाटलं होतं. उजव्या बाजूला: अँजिओग्राफीचा कागद. पश्चात्तापात माणूस आजच्या माहितीवरून त्या रात्रीचा निवाडा करत असतो. कागदावरची रेघ ते डोळ्यांना दाखवते. यानंतरही ‘सकाळी बघू’ हे शब्द त्यांचेच राहतात, ते कुणी पुसू शकत नाही. पण ‘मी त्यांना मारलं’ आणि ‘मला कळलं नाही’ ही दोन वेगळी वाक्यं आहेत. कधीकधी खरोखरच चूक झालेली असते, मुलाने सहा महिने आईचा फोन उचललेला नसतो. तिथे ‘तुझी काही चूक नाही’ म्हणणं खोटं ठरतं. त्या पत्रात माफीच मागावी लागते.

काही उपचारक यापुढे जाऊन गेलेल्या माणसाच्या वतीने उत्तर लिहायला सांगतात. अमेरिकेतले रॉबर्ट नीमायर यांच्या कामात अशा पत्रव्यवहाराला मोठी जागा आहे. आपल्या बाईंनी लिहिलेल्या उत्तरात नवरा म्हणतो, ‘घाबरलो होतो ग. तुला सांगितलं असतं तर त्याच दिवशी नेलं असतंस.’ हे उत्तर अर्थात बाईंचंच. पण तीस वर्षांच्या संसारात तो काय म्हणेल याचा अंदाज त्यांच्याइतका दुसऱ्या कुणाला असणार? उत्तराचा हा भाग सरसकट करायचा मात्र नाही. गेलेला माणूस मारणारा, छळणारा असेल तर त्याच्या तोंडी पुन्हा शब्द घालण्याची काही गरज नाही. क्षमा करायलाच हवी अशी अटही या पत्राला नाही.

याचा उपयोग होतो का? इथे थोडं सावध राहावं लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनबेकर यांनी १९८६ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांनी चार दिवस रोज पंधरा मिनिटं आयुष्यातल्या आघाताबद्दल लिहिलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांना लगेच उदास वाटलं, पण पुढच्या महिन्यांत त्यांच्या दवाखान्याच्या खेपा कमी झाल्या. तेव्हापासून ‘लिहा म्हणजे मोकळं वाटेल’ हा सल्ला जगभर पसरला. पण मार्गारेट स्ट्रोब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली जोडीदार गमावलेल्यांवर नेमकं हेच तपासलं, तेव्हा लिहिणाऱ्यांचा शोक न लिहिणाऱ्यांपेक्षा लवकर ओसरल्याचं दिसलं नाही. नेहमीच्या वाटेने हळूहळू ओसरणाऱ्या शोकाला वहीची गरज नसते. याउलट २००६ साली झुरिकच्या बिर्गिट वाग्नर यांच्या गटाने अडकून राहिलेला शोक असलेल्यांना पाच आठवड्यांत दहा लेखनपाठ दिले, प्रत्येकी पाऊण तासाचे, आणि प्रत्येक लेखनावर उपचारकाचं उत्तर. त्यांना स्पष्ट फायदा झाला. माझ्या मते फरक दोन गोष्टींत आहे: शोक खरोखर अडकलेला होता, आणि लिहिलेलं वाचणारं कुणीतरी होतं.

राग नुसता ओकून टाकला की संपतो, हीसुद्धा गैरसमजूतच. ब्रॅड बुशमन यांनी २००२ साली दाखवलं की राग आणणाऱ्या माणसाला डोळ्यांपुढे आणून पिशवीवर ठोसे मारणारे शांत झाले नाहीत. नुसते बसून राहिलेल्यांपेक्षा ते अधिक चिडलेले होते. पत्राचंही तसंच होऊ शकतं आणि ते ओळखायला वही पुरते. तिसऱ्या-चौथ्या पत्रातही पहिलीच वाक्यं असतील, ‘नेहमी’ आणि ‘कधीच’ जागचे हलले नसतील, एकही नवा प्रसंग आला नसेल, तर ते रवंथ आहे. तिथे लिहिणं थांबवावं. लिहिल्यावर तास-दोन तास मन जड राहणं अपेक्षित आहे. दोन-तीन दिवस झोप आणि जेवण उडणं नाही. मृत्यूनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत हा गृहपाठ सहसा देतच नाहीत. आणि पत्रात ‘मीही तुमच्याकडे येते’ अशा अर्थाचं काही उतरलं तर वही मिटून त्याच दिवशी माणसाशी बोलायचं. सरकारची ‘टेलिमानस’ ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर चोवीस तास असते.

शेवटी उरतो पत्राचाच प्रश्न. डच पद्धतीत शेवटचं, शांतपणे लिहिलेलं पत्र आणि आधीचे मसुदे विधीपूर्वक जाळतात किंवा पुरतात आणि नंतर जवळच्यांबरोबर जेवण होतं. दिवसकार्य झाल्यावर गोड करून जेवणाऱ्या आपल्या लोकांना यात नवल वाटू नये. पण जाळण्याची घाई नको. आधी वाचून दाखवावं, मग ठरवावं. ठेवायचं असेल तर कुलपात ठेवावं. आईने बाबांना लिहिलेलं पहिलं पत्र मुलांच्या हाती नुसतंच पडलं आणि चौथं पडलं नाही, तर नवं दुखणं सुरू होतं. हल्ली पुष्कळजण वहीऐवजी गेलेल्याच्या व्हॉट्सॲपवर लिहितात. ते मात्र टाळावं. बंद झालेला नंबर काही महिन्यांनी कंपनी दुसऱ्या गिऱ्हाइकाला देते आणि ‘अहो, सांगितलं का नाहीत?’ हा प्रश्न एक दिवस भलत्याच माणसाच्या फोनवर वाजतो.