रदीफ खाली का उतरला?

शिकागोच्या भाच्यानं माझ्या गझला टाइप करून पाठवल्या. आमच्या गावातल्या दुकानात छापल्या, तर अक्षरं किंचित बारीक आणि पानाच्या वर-खाली नको तेवढी कोरी जागा. मला वाटलं, प्रिंटर बिघडला. पण घोळ कागदाच्या मापाचा होता.

अमेरिकेत लेटर नावाचा कागद चालतो. तो २१६ मिलिमीटर रुंद आणि २७९ उंच. आपला ए-फोर २१० रुंद, २९७ उंच. म्हणजे अंगानं सडपातळ, उंचीनं जास्त. लेटरचं पान रुंदीत मावेना, म्हणून `Fit` या पर्यायानं सगळंच आक्रसून छापलं.

दुकानातल्या पोरानं `Layout`मधल्या `Size`मध्ये जाऊन `A4` निवडलं. अक्षरं मूळ मापाची झाली, पण समास चारही बाजूंनी एक इंचच राहिला. त्यामुळे ओळीची जागा सहा मिलिमीटरनं घटली आणि लांब मिसऱ्यांचा शेवटचा शब्द खालच्या ओळीत घसरला. गद्यात हे कुणाच्या लक्षातही येत नाही. गझलेत मात्र रदीफच एकटा खाली जाऊन बसतो!

लेटरवर मजकुराची रुंदी १६५ मिलिमीटर होती. ए-फोरवर ती सांभाळायची तर डावी-उजवीकडे २२ मिलिमीटर समास हवा. वर-खाली ३४ ठेवला की पानंही पूर्वीच्याच जागी तुटतात. मग `Actual size` निवडून छापलं. शीर्षकाखालची समासभर आडवी रेघ मी पट्टीनं मोजली, ती १६६ भरली. मिसरेही अखंड होते.