ताळेबंद जुळला, तरी शंभर रुपये चुकले

बारावी कॉमर्सचा विद्यार्थी केजचा असो की परळीचा, पुस्तपालन व लेखाकर्माची त्याची प्रश्नपत्रिका पुण्या-मुंबईच्या मुलांना असते तीच. बोर्डाच्या जुन्या प्रश्नपत्रिका पुन्हा पुन्हा सोडवायचा रिवाज त्यामुळे सगळीकडे सारखाच. त्यातून हाताला काय वळण लागतं, ते भागीदारीच्या अंतिम खात्यांच्या एखाद्या गणितात स्वच्छ दिसतं.

वर तेरीज असते, खाली समायोजना. तेरजेतल्या रकमेची दुहेरी नोंद वहीत आधीच झालेली असते, म्हणून ती अंतिम खात्यांत एकदाच घ्यायची. समायोजनेतली बाब वहीत अजून चढलेलीच नसते, तिचे परिणाम दोन. हात बसलेला मुलगा समायोजना वाचता वाचताच दोन्ही जागी आकडा टाकून पुढे जातो.

आता एक उदाहरण घेऊ. तेरजेत ऋणको 42,000 रुपये आहेत, जुना निधी काहीच नाही. समायोजना म्हणते, 2,000 रुपये बुडीत धरा आणि ऋणकोंवर 5 टक्के संशयित बुडीत कर्ज निधी ठेवा. आधी 2,000 वजा करायचे. उरलेल्या 40,000 वर 5 टक्के, म्हणजे आणखी 2,000. नफातोटा खात्याच्या नावे बाजूला एकूण 4,000, आणि ताळेबंदात ऋणको 38,000.

घाईत टक्केवारी 42,000 वरच काढली तर निधी 2,100 होतो. गंमत म्हणजे टॅली तरीही होते! नफा शंभराने घटला, म्हणून भागीदारांचं भांडवल शंभराने घटलं. पलीकडे ऋणकोही शंभराने घटले. दोन्ही बाजू सारख्याच खोट्या. ही चूक ताळेबंद कधीच सांगत नाही, उत्तराचे आकडे ताडून पाहिले तरच सापडते.

न जुळलेला ताळेबंद मात्र बराच बोलका असतो. एखादा परिणाम द्यायचा राहिला, तर फरक नेमका त्याच रकमेचा येतो. रक्कम चुकीच्या बाजूला गेली, तर दुप्पट येतो, म्हणून फरकाचं निम्मं करून तो आकडा शोधायचा. 54,000 च्या जागी 45,000 लिहिले गेले, तर फरक 9,000. शेजारच्या अंकांची अदलाबदल झाली की फरकाला नऊने भाग जातोच. अर्थात, भाग गेला म्हणजे चूक हीच, असं मात्र नाही.

तीच प्रश्नपत्रिका फार वेळा सोडवली, तर उत्तरच पाठ होतं आणि हात विचार न करता 38,000 लिहून टाकतो. यावर उपाय म्हणजे गणितात छोटा बदल करायचा. ऋणको 42,000 च ठेवून ते 2,000 चं बुडीत कर्ज समायोजनेतून उचलून तेरजेत टाका. आता ते ऋणकोंतून आधीच वजा झालेलं आहे. 5 टक्के पूर्ण 42,000 वर लागतात, ताळेबंदात 39,900 येतात आणि मघाशी चुकलेला 2,100 चा निधी इथे बरोबर ठरतो.