आवाज येतो, चित्र येत नाही

फोनवरचं टीव्हीवर दाखवणं आता बहुतेक घरांत जमतं. लग्नाचे फोटो, नातीचा गॅदरिंगमधला नाच, गावच्या जत्रेचा व्हिडिओ, ‘स्क्रीन मिररिंग’ दाबलं की सगळं मोठ्या पडद्यावर दिसतं. पण तोच फोन, तोच टीव्ही आणि तेच वायफाय असताना, पैसे भरून घेतलेल्या ओटीटी ॲपवर चित्रपट लावला की टीव्ही काळा पडतो. संवाद ऐकू येतात, संगीत वाजतं, कधी खाली सबटायटलही येत राहतात, फक्त चित्र नसतं. लोक राउटर बंद-चालू करतात, फोन रीस्टार्ट करतात, टीव्हीच्या मेकॅनिकला बोलावतात. पण बिघडलेलं काहीच नसतं. तो काळा पडदा ॲपने, फोनने आणि चित्रपटाच्या मालकाशी झालेल्या कराराने मिळून मुद्दाम आणलेला असतो.

मिररिंग करताना फोन नेमकं काय करतो, ते आधी पाहू. फोनच्या पडद्यावर जे दिसतंय त्याची तो सेकंदाला तीस-साठ वेळा प्रत काढतो, तिचा पुन्हा लहान व्हिडिओ बनवतो आणि वायफायवरून पुढे पाठवतो. पलीकडे टीव्ही असेल, असं आपण धरून चालतो. पण तिथे लॅपटॉपही असू शकतो आणि त्यावर रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम चालू असू शकतो. साध्या मिररिंगमध्ये पलीकडचं यंत्र ‘मी टीव्ही आहे’ म्हणतं आणि फोनला ते मान्य करावं लागतं. चित्रपटाचा मालक नेमका याच जागी अडतो. त्याची हरकत टीव्हीला नाही. कुलूप उघडलेलं चित्र अनोळखी यंत्राच्या हाती जाण्याला आहे.

ओटीटीवरचा चित्रपट आपल्या फोनपर्यंत येतो तो एन्क्रिप्ट केलेला, म्हणजे किल्लीशिवाय निरर्थक असलेला. किल्ली ॲपच्या सर्व्हरकडून वेगळी येते आणि ती कोणाला द्यायची, हे डीआरएम नावाची यंत्रणा ठरवते. अँड्रॉइड फोनवर ही यंत्रणा बहुधा वाइडवाइन असते. मूळची ही एक स्वतंत्र कंपनी, २०१० साली गूगलने ती विकत घेतली. वाइडवाइनच्या पायऱ्या आहेत. सगळ्यात वरच्या एल-१ पायरीवर किल्ली लावणं आणि चित्र उलगडणं ही दोन्ही कामं प्रोसेसरच्या एका बंदिस्त भागात होतात. तिथली मेमरी बाकीच्या फोनला वाचता येत नाही, खुद्द अँड्रॉइडलाही नाही. उलगडलेलं चित्र तिथून थेट फोनच्या काचेकडे जातं. खालच्या एल-३ पायरीवर हीच कामं साध्या सॉफ्टवेअरमध्ये होतात. ती फोडणं सोपं म्हणून अशा फोनला बरेच ॲप एचडी चित्र देतच नाहीत.

आता काळा पडदा का पडतो ते उलगडेल. मिररिंग करणारा प्रोग्रॅम अँड्रॉइडच्या बाजूला बसलेला असतो. पडद्याची प्रत काढताना बंदिस्त भागातलं चित्र त्याच्या हाती लागत नाही, तिथे त्याला काळा चौकोन मिळतो. तोच तो इमानेइतबारे टीव्हीला पाठवतो.

आमच्या शेजारच्या काकूंकडे हे सगळं समोरासमोर पाहायला मिळालं. टीव्ही दहा वर्षांपूर्वीचा. त्यात मिररिंगची सोय आहे, पण नवे ॲप उतरवता येत नाहीत. त्यांचा भाचा मोबाइलवरून मराठी चित्रपट लावून देत होता. “अरे, ऐकू तर सगळं येतंय, मग दिसत का नाही?” काकूंनी विचारलं. प्रश्न अगदी मर्मावर होता. वायफाय कमी पडलं असतं तर आवाजही तुटला असता. आवाजाला बहुतेक वेळा चित्राइतकं कडक संरक्षण नसतं, त्यामुळे तो साध्या वाटेने जातो. सबटायटल आणि ‘पॉज’चं बटण ॲप स्वतः वेगळ्या थरावर काढतं, म्हणून तेही टीव्हीवर दिसतं. मधला चित्राचा थर तेवढा बंदिस्त असतो.

भाच्याने आधी गॅलरीतला घरचा व्हिडिओ लावून पाहिला, तो स्वच्छ दिसला. यूट्यूबवरचं भजनही दिसलं. म्हणजे वायफाय आणि टीव्ही दोन्ही ठीक. मग ओटीटी ॲप उघडलं, तर पोस्टरांची रांग टीव्हीवर नीट दिसली आणि ‘प्ले’ दाबताक्षणी मधला भाग काळा झाला. याचा अर्थ फक्त व्हिडिओचा थर बंदिस्त आहे. दुसऱ्या एका ॲपमध्ये मात्र ॲप उघडल्यापासूनच सगळा पडदा काळा, पोस्टरही नाहीत. तिथे ॲप बनवणाऱ्याने अँड्रॉइडला `FLAG_SECURE` अशी खूण दिलेली असते. ही खूण असलेल्या खिडकीचा स्क्रीनशॉट निघत नाही आणि ती असुरक्षित पडद्यावर दाखवली जात नाही. काही बँकांच्या ॲपमध्ये स्क्रीनशॉट घेऊ दिला जात नाही, तो याच खुणेमुळे.

तिसऱ्या प्रकारचा काळा पडदा केबल जोडल्यावरही येतो. फोन किंवा सेट-टॉप बॉक्स एचडीएमआय केबलने टीव्हीला जोडला की चित्र पाठवण्याआधी दोन्ही यंत्रं एकमेकांची ओळख पटवतात. या पद्धतीचं नाव एचडीसीपी. इंटेलने ती आणली आणि तिची पहिली आवृत्ती २००० साली आली. ओळख पटली की चित्र केबलमधूनही एन्क्रिप्ट होऊन जातं, मध्येच तार तोडून रेकॉर्डर लावला तरी हाती काही लागत नाही. फोर-के चित्रासाठी बहुतेक सेवा एचडीसीपीची २.२ ही आवृत्ती मागतात. नव्या आवृत्तीत अंतराचीही परीक्षा आहे. पलीकडच्या यंत्राने काही मिलिसेकंदांत उत्तर दिलं नाही, तर ते घरात नसून इंटरनेटवरून दूर कुठे तरी आहे असं समजून चित्र नाकारलं जातं.

वायरलेस मिररिंगच्या मिराकास्ट पद्धतीतही एचडीसीपी वापरता येते. ती दोन्हीकडे असेल तर बंदिस्त चित्र वायफायवरूनही पाठवता येतं. पण मिराकास्टमध्ये ती सक्तीची नाही. त्यामुळे एका घरी चालणारं मिररिंग शेजारच्या घरी चालत नाही आणि दोघांनाही कारण कळत नाही. जुन्या टीव्हीच्या लाल-पांढऱ्या-पिवळ्या पिनांसाठी किंवा सभागृहातल्या जुन्या प्रोजेक्टरसाठी लोक एचडीएमआयचं स्वस्त कन्व्हर्टर घेतात. बहुतेक कन्व्हर्टरना ओळख पटवता येत नाही. घरचा व्हिडिओ त्यातून चालतो, पण ओटीटीचा चित्रपट अडतो किंवा ‘HDCP’ असा शब्द असलेला इशारा पडद्यावर येतो. हा शब्द दिसला तर दोष जोडणीच्या साखळीत शोधायचा, फोनमध्ये नाही.

मग त्याच ॲपमधलं ‘कास्ट’चं बटण कसं चालतं? दिसायला कास्ट आणि मिररिंग सारखंच, पण काम उलट आहे. कास्ट करताना फोन चित्र पाठवतच नाही. ‘अमुक चित्रपट, अमुक मिनिटापासून’ एवढा निरोप तो टीव्हीला देतो. टीव्ही किंवा त्याला लावलेली स्टिक स्वतः ॲपच्या सर्व्हरकडे जाते, स्वतःची ओळख पटवते, स्वतःची किल्ली घेते आणि चित्रपट इंटरनेटवरून थेट उतरवते. उघडं चित्र फोनमधून बाहेर पडत नाही, म्हणून अडवण्यासारखंही काही नसतं. अशा कास्टमध्ये फोनचा पडदा बंद केला तरी चित्रपट चालूच राहतो. दोन्हींतला फरक ओळखायची घरगुती खूण हीच.

पलीकडे कोण आहे हा प्रश्न कंपन्या किती गांभीर्याने घेतात, हे २०१९च्या एप्रिलमध्ये दिसलं. तोवर आयफोनवरून एअरप्लेने नेटफ्लिक्स टीव्हीवर पाठवता येत असे, आणि ते स्वीकारायला ॲपलचा स्वतःचा बॉक्स लागत असे. मग इतर कंपन्यांच्या टीव्हींमध्येही एअरप्ले येऊ लागलं. समोरचं यंत्र ॲपलचा बॉक्स आहे की दुसऱ्या कंपनीचा टीव्ही, हे आता ओळखता येत नाही, असं कारण देऊन नेटफ्लिक्सने एअरप्लेची सोय काढून टाकली.

काही वेळा अडवणूक कॉपीच्या भीतीने नसते, प्लॅनमुळे असते. भारतात नेटफ्लिक्सने जुलै २०१९मध्ये १९९ रुपयांचा फक्त मोबाइलसाठीचा प्लॅन आणला आणि डिसेंबर २०२१मध्ये तो १४९वर आणला. त्यात टीव्ही मुळातच नाही. इथे यंत्रं बदलून उपयोग नाही, प्लॅन बदलावा लागतो.

एवढं करून चोरी थांबली का? नाही. २०१०च्या सप्टेंबरमध्ये एचडीसीपीच्या जुन्या आवृत्तीची मूळ किल्लीच इंटरनेटवर फुटली आणि ती खरी असल्याचं इंटेलने मान्य केलं. आजही नवे चित्रपट टेलिग्रामवर फिरताना दिसतातच. ज्याला चोरी करायची आहे तो वाट शोधतो, आणि काळा पडदा येतो तो पैसे भरलेल्या काकूंच्या वाट्याला. तरीही मी संरक्षण काढून टाका म्हणणार नाही. बटण दाबून कोणालाही स्वच्छ प्रत काढता आली, तर लहान मराठी निर्मात्याला ओटीटीकडून मिळणारे पैसेही आटतील. शिवाय भारतात २०१२ साली कॉपीराइट कायद्यात घातलेल्या ६५-अ कलमानुसार, हक्कभंगाच्या हेतूने असं संरक्षण फोडणाऱ्याला दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड होऊ शकतो. म्हणून काळा पडदा हटवून देतो सांगणाऱ्या ॲपच्या नादी लागू नये.

माझी तक्रार गप्प बसण्याबद्दल आहे. ॲपला काळा चौकोन दाखवता येतो, तर त्या जागी ‘हा चित्रपट मिररिंगने दिसणार नाही, कास्ट वापरा’ एवढं मराठीत लिहिणं अवघड नाही. वर्गणी घेण्याआधी हे सांगणं त्यांचं कर्तव्य आहे. आणि ते सांगत नाहीत तोवर वर्गणी भरण्याआधी तीन गोष्टी आपणच पाहून घ्या: आपल्या टीव्हीवर ते ॲप उतरतं का, नसेल तर एचडीएमआयला लावायच्या स्टिकवर मिळतं का, आणि आपण घेतोय त्या प्लॅनमध्ये टीव्ही आहे का. काकूंच्या टीव्हीला भाच्याने शेवटी अशी एक स्टिक लावून दिली. ॲप त्यावरच चालतं, मिररिंगची गरज उरलेली नाही.