'हॅव' आणि 'गेट' यांची प्रयोजक रचना : वाक्यरूपांतरातील एक अर्थप्रश्न

इंग्रजीच्या अध्यापनात वाक्यरूपांतराचे अभ्यास फार जुने आहेत. एक वाक्य द्यावयाचे, त्याचा अर्थ न बदलता ते दुसऱ्या रचनेत लिहून घ्यावयाचे, असे त्यांचे स्वरूप असते. कर्तरीचे कर्मणी करणे किंवा होकारार्थीचे नकारार्थी करणे हे प्रकार सर्वांच्या परिचयाचे आहेत. 'हॅव' आणि 'गेट' या क्रियापदांच्या साहाय्याने होणारे प्रयोजक रूपांतर मात्र यांहून वेगळ्या जातीचे आहे, कारण तेथे 'अर्थ न बदलता' ही अटच पुष्कळदा संशयास्पद ठरते. प्रस्तुत लेखात या रूपांतराची रीत, मराठीभाषकाला तेथे येणारी अडचण आणि त्या अडचणीच्या मुळाशी असलेला अर्थप्रश्न यांचा क्रमाने विचार करावयाचा आहे.

प्रथम रीत पाहू. केंब्रिजच्या 'फर्स्ट' या परीक्षेत एक वाक्य, एक ठरावीक शब्द आणि एक अपुरे वाक्य दिलेले असते. दिलेला शब्द जराही न बदलता, त्याच्यासह दोन ते पाच शब्दांत रिकामी जागा भरावयाची असते. त्या धर्तीचे एक उदाहरण घेऊ. मूळ वाक्य असे : 'अ मेकॅनिक इज रिपेअरिंग अवर कार धिस वीक.' दिलेला शब्द 'हॅविंग'. अपुऱ्या वाक्याच्या आरंभी 'वुई' आणि शेवटी 'धिस वीक'. येथे विद्यार्थ्याला तीन निर्णय घ्यावे लागतात. पहिला काळाचा : मूळ क्रियापद 'इज रिपेअरिंग' असे चालू वर्तमानकाळी आहे, तो काळ 'हॅव'वर जातो आणि 'आर हॅविंग' असे रूप सिद्ध होते. दुसरा क्रमाचा : 'हॅव'नंतर लगेच वस्तू येते, म्हणजे 'अवर कार'. तिसरा रूपाचा : मोटार दुरुस्त करीत नाही, दुरुस्त होते, म्हणून क्रियापद कर्मणी अर्थाच्या भूतकालवाचक धातुसाधिताच्या रूपात, 'रिपेअर्ड' असे, येते. उत्तर पाच शब्दांचे झाले : 'आर हॅविंग अवर कार रिपेअर्ड'. मेकॅनिक वाक्यातून नाहीसा झाला, कारण मोटार दुरुस्त करणारा मेकॅनिकच असणार हे ऐकणाऱ्याला ठाऊक आहे.

काळ कोणताही असो, त्याचा भार 'हॅव'नेच उचलावयाचा आणि शेवटचे धातुसाधित अचल ठेवावयाचे, हे एवढे सूत्र पक्के झाले की पुढच्या पायऱ्या सोप्या होतात. 'समवन हॅज पेंटेड हिज हाउस' याचे रूपांतर 'ही हॅज हॅड हिज हाउस पेंटेड' असे होते. 'हॅज हॅड' ही द्विरुक्ती विद्यार्थ्याला चूक वाटते आणि तो त्यातला एक शब्द गाळतो. पण पहिला 'हॅज' काळ दाखविणारा साहाय्यक आहे आणि दुसरा 'हॅड' प्रयोजकाचा आहे. या दुसऱ्या 'हॅड'ला साहाय्यकाचे अधिकार नाहीत. म्हणून प्रश्न करताना 'हॅड यू युअर हेअर कट?' असे म्हणून चालत नाही, 'डिड यू हॅव युअर हेअर कट?' असेच म्हणावे लागते. शब्दक्रम जरा हलला तर अर्थच पालटतो. 'ही हॅड हिज हेअर कट' म्हणजे त्याने न्हाव्याकडून केस कापून घेतले; 'ही हॅड कट हिज हेअर' म्हणजे त्याने स्वतःच केस कापले होते. दोहोंत शब्द तेच, केवळ 'कट'ची जागा बदलली.

'हॅव'नंतर वस्तूऐवजी करणारी व्यक्ती आली तर क्रियापद मूळ रूपात येते : 'आय हॅड द प्लंबर मेंड द टॅप.' ही रचना अमेरिकन इंग्रजीत अधिक आढळते. 'गेट'नंतर मात्र अशा ठिकाणी 'टू' लागतो : 'आय गॉट द प्लंबर टू मेंड द टॅप.' या दोहोंत अर्थच्छटेचाही भेद आहे. 'हॅव'मध्ये काम सांगण्याचा अधिकार किंवा रूढ व्यवहार गृहीत असतो. 'गेट'मध्ये प्रयत्न, आर्जव, कधी हुज्जतही सूचित होते. म्हणूनच मूळ वाक्यात 'पर्स्वेडेड' असेल तर 'गॉट' हे रूपांतर बसते, 'हॅड' बसत नाही. 'आय हॅड द मेकॅनिक रिपेअर्ड द कार' किंवा 'आय हॅड माय कार रिपेअर' अशा चुका टाळण्यासाठी विद्यार्थ्याने एकच प्रश्न विचारावा : 'हॅव'नंतरचे नाम पुढच्या क्रियेचा कर्ता आहे की कर्म? कर्ता असेल तर मूळ रूप, कर्म असेल तर धातुसाधित.

मराठीभाषकाची अडचण येथे निराळ्या ठिकाणी सुरू होते. प्रयोजकाची कल्पना आपल्याला नवी नाही. पाणिनीने कर्त्याला प्रवृत्त करणाऱ्याला 'हेतु' अशी संज्ञा दिली आणि त्या व्यापारासाठी णिच् प्रत्यय सांगितला. मराठीतही 'बसणे–बसवणे', 'करणे–करवणे' अशा जोड्या आहेत. तरीही इंग्रजीच्या या रचनेशी 'करवणे' क्वचितच जुळते. जुळतात ती संयुक्त रूपे. 'मी शिंप्याकडून सदरा शिवून घेतला' यातील 'शिवून घेणे' म्हणजे 'हॅव समथिंग डन'. 'करायला लावणे' यात सक्ती आहे. तिला इंग्रजीत 'मेक' हे तिसरेच क्रियापद लागते. करणाऱ्याला मराठीत 'कडून' हा शब्द स्पष्टपणे लागतो. इंग्रजीत तसे चिन्ह नसल्यामुळे सारा भार शब्दक्रमावर आणि क्रियापदाच्या रूपावर पडतो.

शिवाय मराठी अनेक ठिकाणी प्रयोजक वापरतच नाही. 'मी काल केस कापले' असे आपण म्हणतो आणि न्हाव्याचे अस्तित्व ऐकणारा समजून घेतो. हिंदीभाषक त्याच प्रसंगी 'बाल कटवाए' असे म्हणतो. त्याच्या भाषेने प्रयोजक आधीच पुरविलेला असतो. त्यामुळे 'आय कट माय हेअर' ही चूक मराठी विद्यार्थ्याकडून सहज घडते, कारण त्याच्या दृष्टीने ते त्याच्या मराठी वाक्याचे यथातथ्य भाषांतर असते. याची मर्यादाही लक्षात घेतली पाहिजे. शहाजहानने ताजमहाल बांधला हे विधान इंग्रजीतही साध्या क्रियापदानेच केले जाते. बादशहाने स्वतः दगड रचले असे कोणी समजत नाही. म्हणजे काम दुसऱ्याने केले एवढ्यावरून इंग्रजीत प्रयोजक अपरिहार्य होत नाही. जेथे ते काम स्वतः करणे शक्य असते आणि म्हणून ऐकणाऱ्याचा गैरसमज होऊ शकतो, तेथे तो अपरिहार्य होतो. केस, दात, कपडे, मोटार ही उदाहरणे पाठ्यपुस्तकांत वारंवार येतात ती यामुळेच.

आता मूळ अर्थप्रश्नाकडे वळू. 'थीव्ह्ज स्टोल हिज बॅग' या वाक्याचे रूपांतर याच अभ्यासांत 'ही हॅड हिज बॅग स्टोलन' असे करून घेतले जाते. रचना अक्षरशः तीच आहे; परंतु येथे कोणी कोणाला प्रवृत्त केलेले नाही. पिशवी चोरीला गेली, एवढेच. वाक्याचा कर्ता येथे प्रयोजक नसून ज्याच्यावर प्रसंग ओढवला तो, म्हणजे भोक्ता आहे. 'प्रयोजक रचना' हे नाव या वाक्यांना दिल्याने विद्यार्थ्याची दिशाभूल होते. रचनेचा समान अर्थ वस्तुतः एवढाच की, एक घटना घडली आणि कर्त्याचा तिच्याशी संबंध आहे. तो संबंध घडवून आणण्याचा की भोगण्याचा, हे रचना सांगत नाही, संदर्भ सांगतो.

ही केवळ परीक्षेतील बाब राहत नाही, हे भाषांतराच्या वेळी कळते. एखाद्या इतिहासग्रंथात दोन वाक्ये लागोपाठ आली अशी कल्पना करू. 'द किंग हॅड द मिनिस्टर किल्ड.' 'द किंग हॅड टू हॉर्सेस शॉट अंडर हिम.' पहिल्याचे भाषांतर 'राजाने प्रधानाला ठार करविले' असे होईल. त्याच साच्यात दुसरे घातले तर 'राजाने दोन घोडे गोळ्या घालून मारविले' असे वाक्य तयार होते आणि रणांगणावर प्राण धोक्यात घालणारा राजा एकाएकी निर्दय ठरतो. मूळ अर्थ असा की, लढाईत राजा ज्यांवर स्वार होता असे दोन घोडे एकामागून एक गोळी लागून पडले. 'अंडर हिम' या दोन शब्दांनी सारा निवाडा केला आहे. परंतु प्रयोजकाचे सूत्र पाठ केलेल्या वाचकाची दृष्टी त्यांवरून सहज घसरते. एका वाक्यात राजा हत्येला जबाबदार आहे, दुसऱ्यात तो हानी सोसणारा आहे. जबाबदारी आणि हानी यांत गफलत झाली तर चरित्राचा अर्थच उलटा होतो.

हा भेद ओळखण्याची एक कसोटी हाताशी ठेवता येते. वाक्यात 'मुद्दाम' या अर्थाचा 'डिलिबरेटली' हा शब्द घालून पाहावा. राजाने मुद्दाम प्रधानाला ठार करविले, हे सुसंगत आहे. मुद्दाम स्वतःखालचे घोडे मारवून घेतले, हे असंगत आहे. शब्द सुखाने बसला तर संबंध प्रयोजनाचा, खटकला तर भोगाचा. कसोटीलाही सीमा आहे. 'ही हॅड हिज हाउस बर्न्ड डाउन' या वाक्यात तो शब्द बसतोही आणि खटकतोही, कारण विम्याच्या पैशासाठी घर जाळविणारेही असतात. अशा ठिकाणी व्याकरण थांबते आणि भाषांतरकाराला मागचापुढचा मजकूरच वाचावा लागतो. 'गेट'च्या बाबतीतही हेच घडते : 'ही गॉट हिज फिंगर्स कॉट इन द डोअर' म्हणजे त्याची बोटे दारात सापडली, येथे कोणी कोणाकडून काही करविलेले नाही.

मराठीने या दोन अर्थांसाठी स्वतंत्र वाटा ठेवल्या आहेत. पहिल्यासाठी 'करून घेणे' किंवा 'करविणे'; दुसऱ्यासाठी 'त्याची पिशवी चोरीला गेली', 'त्याचे दोन घोडे पडले' अशी वाक्ये, ज्यांत भोक्ता कर्त्याच्या आसनावरून उतरून षष्ठीत जातो. रूपांतराच्या अभ्यासात इंग्रजी वाक्याबरोबर त्याचे मराठी वाक्यही लिहून घेतले, तर विद्यार्थ्याला 'घेणे' आणि 'जाणे' यांपैकी एकाची निवड करावीच लागते. साचा बरोबर बसला पण अर्थ कळला नाही, असे त्या निवडीत लपून राहत नाही. 'चोरून घेतली' असे लिहिणाऱ्याला आपली चूक परीक्षकाच्या आधी स्वतःलाच दिसते.